फ्लॅटचा करारनामा एका पानावर: हप्ते, ताब्याची तारीख आणि दंड कसा उतरवून घ्यायचा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर बुक केलं की बिल्डरच्या ऑफिसातून करारनाम्याचा मसुदा येतो. तो सहज ऐंशी-शंभर पानांचा असतो आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. पहिली पंचवीस-तीस पानं जमिनीच्या इतिहासात जातात: मूळ मालक कोण, विकास हक्क कुणाकडून आले, कोणत्या तारखेला कोणती परवानगी मिळाली. पहिल्यांदाच घर घेणारा माणूस तिथेच दमतो आणि शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो. पुढची तीन-चार वर्षं त्याच्या खिशाला धरून असलेला भाग मात्र चार-पाच कलमांत आणि एका परिशिष्टात असतो, आणि ती कलमं एकमेकांपासून लांब लांब टाकलेली असतात.

हा भाग एका पानावर कसा आणायचा, ते इथे सांगते. जमिनीचा मालकी हक्क तपासणं हे वकिलाचं काम, त्यात मी शिरत नाही. उदाहरणासाठी माझ्या भाच्याचा मसुदा घेते. तो आणि त्याची बायको कळव्यात भाड्याने राहतात आणि घोडबंदर रोडवर टूबीएचके घेत आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत: किंमत ९० लाख, कार्पेट ६५० चौरस फूट, तीन पोडियम आणि वर २२ मजले.

आधी योग्य कागद हातात घ्या

मसुदा सगळ्या परिशिष्टांसह मागा, आणि पैसे देण्याआधी मागा. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करारनामा करून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यामुळे "आधी वीस टक्के भरा, मग अग्रीमेंटचं बघू" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. "परिशिष्टं नंतर जोडतो" हेही चालवून घेऊ नका, कारण हप्त्यांचं वेळापत्रक बहुतेक वेळा परिशिष्टातच असतं.

दुसरा कागद महारेरा, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, maharera.maharashtra.gov.in वर मिळतो. तिथे प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की त्याचं पान उघडतं. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ हा ठाणे जिल्हा, म्हणून तिथले जुने क्रमांक P51700 ने सुरू होतात. खारघर, उलवे, पनवेल रायगडात येतात, त्यांचे P52000 ने. या पानावरून दोन गोष्टी घ्यायच्या: प्रकल्प पूर्ण करण्याची बिल्डरने जाहीर केलेली तारीख आणि नोंदणीच्या वेळी त्याने सादर केलेला करारनाम्याचा नमुना.

तिसरा कागद म्हणजे महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांना जोडलेला आदर्श करारनामा. मसुद्यातलं एखादं कलम आपल्या विरोधात जातंय का, हे ओळखायला याच्याइतकी चांगली फूटपट्टी नाही. तुमचा मसुदा डाव्या हाताला आणि हा उजव्या हाताला ठेवून वाचायला बसा.

आता कोऱ्या कागदावर प्रत्येक गोष्टीसाठी पाच रकाने आखा: किती, कशावर, किती दिवसांत, पुरावा काय, आणि कलम क्रमांक कोणता. यातला "कशावर" हा सगळ्यात महत्त्वाचा. रक्कम आणि टक्के डोळ्यांना लगेच दिसतात. ती रक्कम नेमक्या कोणत्या घटनेवर देणं लागते, तो मुद्दा वाक्यात दडलेला असतो आणि घोटाळा तिथेच होतो.

हप्ते: टक्के नकोत, बेरीज आणि घटना लिहा

आदर्श करारनाम्यात प्रत्येक टप्प्यापर्यंत एकूण किती टक्के घेता येतील याची कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. करारनामा झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०. पुढे भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्यावर ७५. सॅनिटरी फिटिंग, जिने, लॉबी यांनंतर ८०. बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर ८५. लिफ्ट, पंप, विजेची कामं झाल्यावर ९५. उरलेले ५ टक्के ताबा देताना, आणि तोही भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी मिळाल्यानंतर. या सगळ्या बेरजा आहेत आणि बुकिंगचे पैसेही त्यात धरलेले आहेत.

म्हणून आपल्या पानावरही प्रत्येक हप्त्यासमोर बेरजेचा रकाना हवा. भाच्याच्या मसुद्यातलं वेळापत्रक असं उतरलं:

| कशावर | हप्ता | बेरीज | रुपये |
|---|---|---|---|
| बुकिंग | १०% | १०% | ९,००,००० |
| नोंदणीनंतर ३० दिवसांत | २०% | ३०% | १८,००,००० |
| जोतं | १५% | ४५% | १३,५०,००० |
| २५ स्लॅब, प्रत्येकी १% | २५% | ७०% | २२,५०,००० |
| भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या | ५% | ७५% | ४,५०,००० |
| सॅनिटरी, जिने, लॉबी | ५% | ८०% | ४,५०,००० |
| बाहेरचं प्लंबिंग, गिलावा, गच्ची | ५% | ८५% | ४,५०,००० |
| लिफ्ट, पंप, वीज | १०% | ९५% | ९,००,००० |
| ताबा | ५% | १००% | ४,५०,००० |

बेरीज मर्यादेत बसली. एवढ्यावर भाचा खूश होता. पण "कशावर" हा रकाना भरायला मूळ वाक्य वाचलं, तेव्हा तिथे स्लॅब "पूर्ण झाल्यावर" असं नव्हतं, "सुरू करताना" असं होतं. इंग्रजी मसुद्यात "कम्प्लिशन"च्या जागी "इनिशिएशन" किंवा "कमेन्समेंट" असतं, आणि एका शब्दाने प्रत्येक हप्ता एक टप्पा अलीकडे सरकतो. जोत्याचं काम सुरू होताच ४५ टक्के द्यायचे आणि ते पूर्ण व्हायला चार-सहा महिने लागले, तर तेवढा काळ साडेतेरा लाखांवरचं कर्जाचं व्याज तुम्ही भरता. नियमांतला शब्द "पूर्ण झाल्यावर" असाच आहे. बदल मागताना तोच दाखवा.

दुसरी खूण इमारतीची. जोतं आणि स्लॅब हे "ज्या इमारतीत किंवा विंगमध्ये तुमचा फ्लॅट आहे" तिचे असायला हवेत, आणि भिंती-फरशी तुमच्या फ्लॅटची. नुसतं "प्रकल्पाचं जोतं" असं लिहिलं असेल, तर ए विंगचं जोतं झालं म्हणून सी विंगवाल्याला मागणीपत्र जाऊ शकतं. तुमच्या विंगचं नाव वाक्यात घालून घ्या.

तिसरी खूण "किंवा अमुक दिवसांत, जे आधी घडेल ते". असं शेपूट जिथे दिसेल तिथे तो हप्ता बांधकामाला बांधलेला राहत नाही, कॅलेंडरला बांधला जातो. काम ठप्प असलं तरी पैसे द्यावे लागतात.

"किती दिवसांत" या रकान्यात मागणीपत्र आल्यापासूनची मुदत लिहा. भाच्याच्या मसुद्यात ती सात दिवसांची होती. इथे बँकेचा वेग बघायला हवा. गृहकर्जाचा हप्ता सोडण्याआधी बँक मागणीपत्र आणि आर्किटेक्टचं प्रमाणपत्र मागते, बऱ्याचदा आपला माणूस साइटवर पाठवते आणि मग पैसे देते. शिवाय बँक आधी तुमचा स्वतःचा वाटा संपवायला लावते. यात दोन आठवडे सहज जातात, म्हणून मुदत किमान पंधरा दिवसांची करून घ्या. बँकेच्या माणसाला जर काम मागणीपत्रात लिहिलंय त्यापेक्षा मागे दिसलं, तर बँक कमी पैसे सोडेल आणि मधली रक्कम तुमच्या खिशातून जाईल. म्हणून "पुरावा" या रकान्यात "आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, मागणीपत्रासोबत" असं लिहा आणि तसं वाक्य करारनाम्यातही घालून घ्या.

प्रत्येक हप्त्यासोबत कर येतात. ओसी नसलेल्या फ्लॅटवर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्याला १ टक्का. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. एका स्लॅबचा हिशेब मांडून बघा. हप्ता ९०,००० रुपये, त्यातून टीडीएसचे ९०० कापले, उरले ८९,१००. त्यावर जीएसटीचे ४,५०० मिळवले की बिल्डरला जायचे ९३,६००. टीडीएसचे ९०० तुम्ही भरल्यावर त्याचं प्रमाणपत्र बिल्डरला द्यायचं. ते दिलं नाही, तर त्याच्या खात्यात दर वेळी ९०० रुपये थकबाकी दिसत राहते आणि ताब्याच्या वेळी ती व्याजासकट समोर येते.

शेवटची गोष्ट म्हणजे किमतीबाहेरचे पैसे. सोसायटी स्थापना, वकील, वीजमीटर, एक किंवा दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, कॉर्पस म्हणजे सोसायटीचा राखीव निधी. हे वेगळ्या कलमात असतात आणि ताब्याच्या वेळी एकदम मागितले जातात. प्रत्येकाची रक्कम लिहा. जिथे "बिल्डर ठरवील त्याप्रमाणे" असं असेल, तिथे आपल्या पानावर प्रश्नचिन्ह टाका आणि आकडा किंवा कमाल मर्यादा मागा.

ताबा: एक नाही, तीन तारखा

"मावशी, ताबा डिसेंबर सत्तावीसचा आहे ना?" भाच्याने फोनवर विचारलं.

"कुठे लिहिलंय?"

"सेल्सवाल्याने सांगितलं. आणि अग्रीमेंटमध्येही तेच आहे, बघितलं मी."

"त्याच कलमाचं पुढचं वाक्य वाच."

पुढच्या वाक्यात सहा महिन्यांचा ग्रेस पीरियड होता. आणि महारेराच्या पानावर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२८ होती. म्हणजे ३१ डिसेंबर २०२७, ३० जून २०२८ आणि ३१ डिसेंबर २०२८ अशा तीन तारखा झाल्या. या तिन्ही आपल्या पानावर एकाखाली एक, कुठून घेतल्या त्यासह लिहायच्या.

यातली तुमची तारीख कोणती? करारनाम्यातली. उशीर झाल्यावर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मिळणारं व्याज करारनाम्यात नमूद केलेल्या तारखेपासून मोजायचं असतं. महारेराकडे बिल्डरने स्वतः नवी तारीख घेतली म्हणून तुमच्याशी ठरलेली तारीख पुढे जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात असंच म्हटलं आहे. त्यामुळे करारनाम्यात "ताबा रेरा नोंदणीच्या मुदतीप्रमाणे किंवा वाढीव मुदतीप्रमाणे" असं मोघम वाक्य असेल, तर ते काढून दिवस, महिना आणि वर्ष लिहून घ्या. नुसतं "डिसेंबर २०२७"ही नको.

काही मसुद्यांत तारीखच नसते. "प्रारंभ प्रमाणपत्रापासून ३६ महिने" असं असतं. प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात, ते टप्प्याटप्प्यानेही मिळतं: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. कोणत्या सीसीपासून मोजायचं हे लिहिलं नसेल तर मुदत रबरासारखी ताणता येते. कोणती सीसी आणि कोणत्या तारखेची ते विचारा, आणि ३६ महिने मोजून येणारी तारीखच कलमात घाला.

सरसकट ग्रेस पीरियड आदर्श करारनाम्यात नाही. तिथे मुदतवाढ फक्त कारण असेल तरच मिळते: युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती, किंवा सरकार, सक्षम प्राधिकरण वा न्यायालयाची नोटीस किंवा आदेश. याला फोर्स मेजर म्हणतात. या कलमात फेरफार करता येणार नाही, असं महारेराने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही मसुद्यांत या यादीला "मजुरांची किंवा सिमेंट-स्टीलची टंचाई, पाणी-वीजजोडणीला होणारा उशीर, बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरचं कोणतंही कारण" अशी पुरवणी जोडलेली दिसते. मुदतवाढीची कारणं आपल्या पानावर जशीच्या तशी उतरवा आणि आदर्श करारनाम्याच्या यादीशी एकेक जुळवा. जादा असतील त्यांच्याभोवती वर्तुळ करा.

"पुरावा" या रकान्यात ताब्यासमोर एकच गोष्ट लिहायची: ओसी. ठाण्यात ती ठाणे महापालिका देते. नवी मुंबईत जागा कुणाच्या नियोजनात येते त्याप्रमाणे महापालिका किंवा सिडको. मसुद्यात "फिटआउटसाठी ताबा" असा शब्द दिसला तर थांबा. त्याचा अर्थ ओसी नसताना किल्ल्या द्यायच्या, तुम्ही आत सुतारकाम सुरू करायचं आणि बिल्डरने "ताबा दिला" असं म्हणायचं. तेवढ्यावर दंडाचं घड्याळ थांबतं असं कलमात लिहिलेलं असेल, तर ते मान्य करू नका. आदर्श करारनाम्यात क्रम सरळ आहे: ओसी मिळाल्यापासून सात दिवसांत बिल्डरने ताबा घेण्याविषयी लेखी कळवायचं. कायद्याचं कलम १९ म्हणतं की ओसीनंतर दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यावा. तुमच्या मसुद्यात ही मुदत किती दिवसांची आहे आणि ती संपल्यावर दरमहा "होल्डिंग चार्जेस" लागतात का, तेही लिहून ठेवा.

क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, पार्किंग यांची तारीख वेगळी असू शकते. मोठ्या संकुलात हे सगळं शेवटच्या टप्प्यात ढकललेलं असतं. ताब्याच्या तारखेखाली त्यांची एक वेगळी ओळ ठेवा.

दंड: दोन्ही बाजू समोरासमोर मांडा

पानाच्या तिसऱ्या भागात मधोमध रेघ मारा. डावीकडे "माझ्याकडून उशीर", उजवीकडे "बिल्डरकडून उशीर". प्रत्येक बाजूला दर, कोणत्या रकमेवर आणि कधीपासून ते लिहा. असं समोरासमोर मांडलं की एकतर्फी करारनामा लपत नाही.

कायदा इथे पक्का आहे. कलम २ मधल्या व्याजाच्या व्याख्येप्रमाणे दोघांचा दर सारखाच असला पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांत तो स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर, अधिक २ टक्के असा आहे. एमसीएलआर बदलत राहतो, म्हणून पानावर सूत्र लिहा आणि हिशेबाच्या दिवशी बँकेच्या संकेतस्थळावरून आकडा घ्या. इथे गणितासाठी तो ९ टक्के धरू, म्हणजे दर ११ टक्के.

भाच्याने एका स्लॅबचे ९०,००० रुपये २० दिवस उशिरा दिले तर व्याज साधारण ५४२ रुपये. आता उजवी बाजू. त्याने ९५ टक्के, म्हणजे साडेपंच्याऐंशी लाख भरलेले आहेत आणि ताबा लांबला. ११ टक्क्यांनी महिन्याला ७८,३७५ रुपये होतात. मघाचा सहा महिन्यांचा ग्रेस पीरियड आठवा. त्या काळात दंड लागणार नाही असं त्याच्या मसुद्यात होतं, म्हणजे ते एक वाक्य ४ लाख ७० हजारांचं निघालं. सेल्सच्या माणसाने मात्र "ती फक्त फॉर्मॅलिटी आहे, सगळ्यांच्याच अग्रीमेंटमध्ये असते" असं सांगितलं होतं. आकडा मांडून ईमेल गेल्यावर त्याच ऑफिसने ते वाक्य काढलं.

काही मसुद्यांत उजवीकडे टक्केच नसतात. चौरस फुटामागे दरमहा दहा रुपये वगैरे भरपाई असते. ६५० चौरस फुटांचे ६,५०० रुपये झाले, जिथे ७८,३७५ हवेत. डावीकडे त्याच वेळी १८ किंवा २४ टक्के लिहिलेले असू शकतात. अशा एकतर्फी अटी खरेदीदाराला बांधील नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बनच्या प्रकरणात म्हटलं. पण ते वापरायला आधी दाद मागावी लागते. नोंदणीआधी वाक्य बदलून घेण्याला एक ईमेल लागतो.

रद्द होण्याचं कलम सावकाश वाचा, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे असते. आदर्श करारनाम्याप्रमाणे खरेदीदाराने तीन हप्ते चुकवले तर बिल्डर १५ दिवसांची लेखी नोटीस देतो, रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलवर. त्या मुदतीतही चूक सुधारली नाही तर करार रद्द करून, ठरलेली नुकसानभरपाई कापून, बाकी पैसे ३० दिवसांत परत द्यायचे. आता हे भाच्याच्या वेळापत्रकाला लावून बघा. त्याचे २५ स्लॅब म्हणजे २५ वेगळे हप्ते. त्यातले ९०,००० चे तीन बँकेमुळे रखडले तरी "तीन वेळा चूक" झाली, आणि ९० लाखांचं घर नोटिशीच्या अंतरावर आलं. म्हणून आम्ही स्लॅब पाच-पाचचे गट करून मागितले: पाचवा स्लॅब पूर्ण झाल्यावर ५ टक्के, दहावा पूर्ण झाल्यावर ५ टक्के. हप्ते पंचवीसचे पाच झाले, बँकेच्या फेऱ्याही तेवढ्याच कमी.

कापून घ्यायच्या रकमेचा आकडा आदर्श करारनाम्यात दिलेला नाही, तो बिल्डर आपल्या मसुद्यात घालतो. तिथे टक्के किती, आणि कशाचे, हे दोन्ही लिहा. "एकूण किमतीच्या १० टक्के" म्हणजे ९ लाख. जेमतेम बुकिंगचे पैसे भरून माघार घेणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. "भरलेल्या रकमेच्या" असं असेल तर चित्र वेगळं. दलाली, जीएसटी, आधी दिलेली सूट हेही कापणार का, ते पाहा. कर्ज नामंजूर झालं तर काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा, कारण बहुतेक मसुदे त्यावर गप्प असतात.

ही कपात तुमच्या चुकीसाठी किंवा तुमच्या मर्जीने माघार घेण्यासाठी आहे. बिल्डरने तारीख चुकवल्यामुळे तुम्ही बाहेर पडत असाल, तर भरलेले सगळे पैसे व्याजासह परत मिळायला हवेत. हा हक्क बिनशर्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सांगितलं. घर ठेवायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज. दोन्ही पर्याय तुमच्या मसुद्यात आहेत का, की फक्त दुसरा आहे, हे उजव्या रकान्यात नोंदवा.

पान भरल्यावर ते कसं दिसतं

भाच्याच्या पानावर वरती तो हप्त्यांचा तक्ता होता. त्याखाली ताबा आणि दंड असे उतरले होते, प्रत्येक ओळीच्या पुढे त्याच्या मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक:

ताबा: ३१ डिसेंबर २०२७ (कलम ९). ग्रेस ६ महिने (कलम ९, काढायचं). महारेरावरची तारीख ३१ डिसेंबर २०२८ (माझी नाही). पुरावा: ओसी. क्लबहाउसची तारीख नाही (विचारायचं).

मी उशीर केला तर: एमसीएलआर अधिक २, थकलेल्या रकमेवर, मागणीपत्राच्या आठव्या दिवसापासून (कलम ५, पंधरा दिवस मागायचे). तीन चुका, १५ दिवसांची नोटीस, एकूण किमतीच्या १० टक्के कपात (कलम ६, कमी करायची).

बिल्डरने उशीर केला तर: तोच दर, भरलेल्या रकमेवर, ग्रेस संपल्यापासून (कलम ९, १ जानेवारी २०२८ पासून हवं). बाहेर पडल्यास व्याजासह परतावा (लिहिलेला नाही, घालायचा).

कंसातली प्रत्येक "काढायचं", "मागायचे", "घालायचा" ही नोंद एका ईमेलमध्ये टाका: कलम क्रमांक, सध्याचं वाक्य आणि तुम्हाला हवं असलेलं वाक्य. तोंडी बोलणं झालं तरी त्या दिवशी संध्याकाळी "आज आपलं असं ठरलं" असा ईमेल पाठवा. सगळं मान्य होत नाही. भाच्याला कपात १० वरून ५ टक्क्यांवर आणता आली, कर्ज नामंजूर होण्याबद्दलचं वाक्य मात्र मिळालं नाही. पण ते माहीत असल्यामुळे त्याने आधी बँकेचं मंजुरीपत्र हातात घेतलं आणि मगच नोंदणीची तारीख ठरवली.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाण्याआधी सहीसाठी छापलेली अंतिम प्रत एक दिवस आधी मागून घ्या आणि आपलं पान तिच्याशी ओळीने जुळवा, कारण मसुद्यातली दुरुस्ती छापील प्रतीत उतरलेली नाही असं घडतं. एकदा नोंदणी झाली की बदलासाठी पुरवणी करार करून पुन्हा दोघांच्या सह्या लागतात, आणि तेव्हा बिल्डरला घाई नसते. नोंदणीनंतर त्याच पानावर तीन रकाने वाढवा: मागणीपत्राची तारीख, पैसे दिल्याची तारीख, टीडीएस प्रमाणपत्र दिल्याची तारीख. पानाची एक प्रत बँकेच्या फाइलला लावा, एक कपाटात ठेवा.